थंडीतला हरिश्चंद्रगड : कपड्यांचे सहा नियम आणि त्यांची कारणं

डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जायचं ठरलं, की बरोबर येणाऱ्या सगळ्यांना मी कपड्यांची एक चिठ्ठी आधीच पाठवते. तीत सहा नियम असतात. चिठ्ठी गेली की प्रश्न सुरू होतात. जीन्स का नको? एक चांगलं जाड जॅकेट असलं की भागत नाही का? दिवसभर उन्हात चालायचंय, तर लांब बाह्या कशाला? हे प्रश्न रास्त आहेत. कारण पटलेलं नसेल, तर पहाटे कुडकुडत असताना कुणीही नियम पाळत नाही. म्हणून इथे चिठ्ठीतले नियम सांगतेच, पण जास्त जागा कारणांना देते.

आधी वाट समजून घेऊ. आम्ही शुक्रवारी रात्री निघतो आणि शनिवारी पहाटे जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरला पोचतो. गाव पिंपळगाव जोगे धरणाच्या काठावर आहे. तिथून टोलार खिंडीपर्यंत चढ, खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा, मग उघड्या पठारावरची चढउताराची लांब चाल आणि शेवटी हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. गडाची उंची साधारण 1424 मीटर. संध्याकाळी सूर्यास्ताला कोकणकडा, रात्री मुक्काम आणि रविवारी उतरणं. या दीड दिवसात शरीर घामाघूम होतं, वाऱ्यात उभं राहतं आणि रात्रभर जमिनीवर पडून राहतं. कपडे या तिन्ही अवस्थांना पुरले पाहिजेत.

थंडी कुठून लागते

सह्याद्रीत बर्फ पडत नाही. हिवाळ्यात रात्रीचा पारा गडावर दहाच्या खाली जातो, कधी त्याहूनही बराच खाली. पण अंग कोरडं असेल आणि वारा अडवलेला असेल, तर एवढी थंडी साध्या कपड्यांत निभावते. माणूस गारठतो तो बहुतेक वेळा ओल आणि वारा यांच्यामुळे.

याचा कडक दाखला याच परिसराने पाहिला आहे. डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आले. जुन्नर, आंबेगाव भागात उघड्यावर बसवलेल्या शेकडो मेंढ्या त्यात दगावल्या. पारा गोठणबिंदूच्या जवळपासही नव्हता. अंगावर लोकर असलेलं जनावर भिजलं आणि वाऱ्यात सापडलं, तर दोन रात्रींत त्याचा जीव जातो. माणसाच्या अंगावर तर लोकरही नसते.

पाऊस नसला तरी ट्रेकमध्ये ओल येते, कारण ती आपणच तयार करतो. चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चढण्याच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होते. म्हणून खिरेश्वरच्या पहाटेच्या थंडीतसुद्धा अर्ध्या तासात घाम फुटतो आणि टोलार खिंडीत पोचेपर्यंत पाठ चिंब होते. तोवर काही बिघडत नाही, कारण शरीराची भट्टी पेटलेली असते. बिघडतं ते थांबल्यावर. काही मिनिटांत उष्णता तयार होण्याचं प्रमाण खाली येतं, पण कपड्यातलं पाणी तिथेच राहतं. पुढचे सहाही नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

नियम पहिला : अंगालगतचा कपडा सुती नको

‘चालताना अंगात पॉलिस्टरचा, म्हणजे दुकानात ड्राय-फिट नावाने मिळतो तो, लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. आतली बनियनही सुती नको.’

सुती धागा पाणी स्वतःत शोषून घेतो. पॉलिस्टरचा धागा जवळजवळ शोषत नाही, पाणी धाग्यांच्या मधून पसरतं आणि उडून जातं. उन्हाळ्यात सुती कपडा सुखावतो तो याच शोषणामुळे. हिवाळ्यात तोच गुण उलटतो.

हिशोब करून पाहू. खिंडीत पोचलेल्या एखाद्याच्या सुती टी-शर्टमध्ये 100 मिलिलिटर घाम आहे असं धरू, म्हणजे चहाचा एक कप. पिळला तर एवढं पाणी सहज निघतं. हे पाणी वाफ होऊन उडायला सुमारे 58 किलोकॅलरी उष्णता लागते. शांत बसलेलं मोठ्या माणसाचं शरीर तासाला साधारण 70 ते 80 किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे त्या एका टी-शर्टला वाळवायला शरीराची जवळजवळ पाऊण तासाची कमाई जाते. ऊन असेल तर थोडा भार ऊन उचलतं. सावलीत आणि वाऱ्यात मात्र बहुतेक सगळा भार अंगावरच येतो. त्यात ओला कपडा कातडीला चिकटून बसतो आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने अंगातली ऊब बाहेर ओढून नेतं.

पॉलिस्टरचा टी-शर्टही भिजतो. पण त्यात पाणी कमी साठतं आणि तो अंगावरच लवकर वाळतो. मेरिनो लोकरीचा पातळ टी-शर्ट कुणाकडे असेल तर उत्तमच, कारण लोकर ओलसर झाली तरी धाग्यांतली हवा धरून ठेवते. पण तो महाग असतो आणि आपल्याकडच्या थंडीला त्याची गरज नाही.

लांब बाह्या उन्हासाठी आणि करवंदीच्या काट्यांसाठी. खिंडीकडे जाताना वाट झाडीतून जाते. उघड्या दंडांवर ओरखडे उठतातच, आणि रात्री गार हवेत ते चुरचुरत राहतात.

नियम दुसरा : निघण्याआधी जॅकेट काढा

‘चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत.’

हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि त्याला कारणही आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिच्यालगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खोलगट भागात जाऊन साठते. त्यामुळे पहाटे खिरेश्वरच्या सपाटीवर वरच्या धारेपेक्षाही जास्त गारठा असू शकतो. गाडीच्या उबेतून त्या गारठ्यात उतरलेला माणूस हाताला येईल ते अंगावर चढवतो आणि तसाच चालू लागतो.

वीस मिनिटांत तो घामाने भिजतो. आता ओला झालेला असतो तो टी-शर्ट आणि जॅकेटही. रात्री ज्याच्या भरवशावर झोपायचं, ते जॅकेट ट्रेकच्या पहिल्याच तासात वाया जातं. म्हणून चहा-पोहे होईपर्यंत जॅकेट अंगात राहू द्या. गट मोजून झाला आणि निघायची वेळ आली, की ते काढून सॅकमध्ये टाका. सुरुवातीची दहा मिनिटं कुडकुडाल, मग शरीर स्वतः तापेल.

वाटेतला नियम याच्या उलट आहे. कुठेही पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलात, तर गार वाटायची वाट न बघता लगेच जॅकेट चढवा. अंगात असलेली ऊब राखणं सोपं, गेलेली परत मिळवणं कठीण. त्यासाठी जॅकेट सॅकच्या तळाशी नको, सगळ्यात वर हवं.

नियम तिसरा : एका जाड जॅकेटऐवजी दोन पातळ

‘एक फ्लीस किंवा स्वेटर आणि त्यावर सैल बसेल असं विंडचीटर. दोन्ही वेगवेगळी हवीत.’

ऊब कापडात नसते. कापडाने अडवून ठेवलेल्या हवेत ती असते. फ्लीस किंवा स्वेटर हवा धरून ठेवतं, पण त्यातून वारा आरपार जातो आणि साठवलेली ऊब घेऊन जातो. विंडचीटर वारा अडवतं, पण त्यात स्वतःची ऊब जवळजवळ नसते. दोघं मिळून काम पुरं करतात, आणि वेगळी असल्यामुळे हवं तेवढंच घालता येतं. पठारावर चालताना वारा सुटला, तर टी-शर्टवर नुसतं विंडचीटर. वारा नसलेल्या आडोशाला जेवायला बसलो, तर नुसतं फ्लीस. जाड जॅकेटला मधली पायरी नसते. ते घातलं की घाम, काढलं की गारठा.

कोकणकड्यावर मात्र दोन्ही लागतात. तिथे सूर्यास्ताला आपण तासभर न हलता बसतो, कड्यावर वारा अडवायला काही नसतं आणि सूर्य बुडताच हवा झपाट्याने गार होते. समजा, तिथलं तापमान 8 अंश आहे आणि वारा ताशी 30 किलोमीटरने वाहतोय. हवामानखाती वापरतात त्या हिशोबाने उघड्या कातडीला तो गारठा सुमारे 4 अंशांसारखा जाणवतो. वारा अडवला की हा फरक पुसला जातो. त्यासाठी पाव किलोचं साधं विंडचीटर पुरतं.

फ्लीसबद्दल एक सूचना. या दिवसांत पठारावरचं गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं फ्लीसमध्ये आणि लोकरीत अशी घुसतात की एकेक उपटून काढावी लागतात. तेव्हा गवतातून चालताना फ्लीस सॅकमध्येच बरं. गुळगुळीत कापडाला कुसळं फारशी लागत नाहीत.

विंडचीटर निवडताना पाऊसही लक्षात घ्या. अवकाळीचा अंदाज असेल तर नुसतं वारा अडवणारं चालणार नाही, पाणी अडवणारं घ्या. अंदाज जोराच्या पावसाचा असेल तर आम्ही ट्रेकच पुढे ढकलतो.

नियम चौथा : जीन्स नको, पायमोजे दोन जोड

‘हलकी, सैल, पायघोळ पॅन्ट घाला. पायमोज्यांचे दोन जोड आणा, पण एकावर एक घालू नका.’

जीन्स हे जाड सुती कापड आहे, त्यामुळे पहिल्या नियमाचे सगळे दोष त्यात आहेत. ती भिजली की जड होते, वाळायला अख्खा दिवस घेते आणि कातळटप्प्यावर गुडघा वर उचलताना मांडीला अडते. नायलॉन किंवा पॉलिस्टरची ट्रेकिंग पॅन्ट असेल तर छान, नाहीतर साधी ट्रॅक पॅन्टही चालते. आखूड पॅन्ट कुसळांमुळे आणि काट्यांमुळे नको.

पाय गार पडतात म्हणून अनेक जण मोज्यावर मोजा चढवतात. बूट घट्ट झाला की तळव्याकडचा रक्तप्रवाह आवळला जातो आणि पाय आणखी गार पडतात. बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत, ही साधी परीक्षा. दिवसभर एक जोड वापरायचा आणि गडावर पोचल्यावर तो काढून पाय पुसून कोरडा जोड चढवायचा. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला लवकर फोड येतात. रविवारी उतरताना ज्यांचे पाय बोलतात, त्यांचे मोजे बहुधा शनिवारी बदललेले नसतात.

नियम पाचवा : मुक्कामाचा जोड कोरडाच राहिला पाहिजे

‘रात्रीसाठी टी-शर्ट, पॅन्ट, अंतर्वस्त्रं आणि मोजे असा पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा. मुक्कामाच्या जागी पोचेपर्यंत ती पिशवी उघडायची नाही.’

सहा नियमांतला एकच पाळायचा झाला, तर हा पाळा. या जोडात सुती कपडेही चालतात, कारण त्यांत घाम गाळायचा नाही. सॅकच्या बाहेर कव्हर असलं तरी आत पिशवी हवीच. पाठीचा घाम सॅकच्या कापडातून आत झिरपतो आणि पाण्याची बाटलीही कधी कधी गळते.

गडावर दुपारी पोचलात तर आधी कपडे बदला, मग जेवा. काढलेला टी-शर्ट उन्हात खडकावर पसरा आणि सूर्य कलायच्या आत उचला. रात्री बाहेर राहिलेला कपडा वाळत नाही. दव पडून सकाळी तो आणखी ओला मिळतो.

झोपताना कपडे वाढवण्याआधी जमिनीचा विचार करा. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते, म्हणून स्लीपिंग बॅगची खालची बाजू फारशी ऊब देत नाही, आणि गार दगड रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहतो. वर दुसरं पांघरूण घेण्यापेक्षा खाली चांगली मॅट घालणं जास्त कामाचं. मॅट पातळ असेल तर रिकामी सॅक आणि दोर कंबरेखाली आणि पायांखाली पसरा. तोंड स्लीपिंग बॅगमध्ये खुपसून झोपू नका. श्वासातली वाफ आतल्या कापडात मुरते आणि पहाटे, ऐन थंडीच्या वेळी, बॅग दमट झालेली असते. नाक-तोंड बाहेर ठेवा आणि कानटोपी घाला.

शेकोटीच्या भरवशावर कपडे कमी आणू नका. गड अभयारण्याच्या हद्दीत येतो, वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि आपण शेकोटी करत नाही. आणखी एक, पॉलिस्टर आणि नायलॉन आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. चूल पेटलेली असेल तिथे हे कपडे घालून अगदी जवळ बसू नका.

नियम सहावा : कानटोपी आणि हातमोजे खिशात

‘कानटोपी आणि पातळ हातमोजे सॅकमध्ये नको, अंगावरच्या खिशात ठेवा.’

शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहाव्या भागाएवढं आहे आणि उष्णताही त्याच बेताने जाते. तरीही कानटोपी हवी, कारण बाकी सगळं झाकल्यावर उघडं राहतं ते डोकंच. शिवाय थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या जशा आकसतात, तशा डोक्याच्या फारशा आकसत नाहीत. कानटोपीचा दुसरा फायदा सोयीचा आहे. चालता चालता गरम व्हायला लागलं, तर न थांबता ती काढता येते आणि घाम यायच्या आतच अंग थोडं निवतं.

हातमोजे पातळ हवेत. कातळटप्प्यावरचं रेलिंग पहाटे बर्फासारखं गार असतं, पण पकड सुटता कामा नये. जाड लोकरी मोज्यात लोखंड घसरतं. टप्प्यावर पकडीबद्दल शंका वाटली, तर मोजे काढून उघड्या हाताने धरा.

गारठा चढतोय हे कसं ओळखायचं

शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं, की त्याला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. ओल आणि वारा असेल, तर बाहेर दहा अंश असतानाही तिथवर पोचता येतं. ट्रेकवर तापमान मोजायची सोय नसते, म्हणून वागणुकीकडे लक्ष ठेवायचं.

आधी अंग थरथरू लागतं आणि थांबवता येत नाही. मग बोटं ऐकत नाहीत. चेन लावता येत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही. पुढे पाय अडखळतात, जीभ जड होते आणि गप्पा मारणारा माणूस गप्प होऊन कोपऱ्यात बसतो. विचारलं तर ‘मी ठीक आहे’ म्हणतो. गारठ्याने विचारही मंदावतो, त्यामुळे ज्याला त्रास होतोय त्याला तो कळतोच असं नाही. म्हणून आम्ही जोड्या लावतो. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे बघायचं.

थरथर सुरू झाली की वाऱ्यातून आडोशाला न्यायचं, ओले कपडे पूर्ण काढायचे, कोरडे घालायचे, खाली मॅट आणि वर स्लीपिंग बॅग द्यायची. माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर गरम, भरपूर साखरेचं पेय द्यायचं. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी किंवा काखेत ठेवायची. हातपाय चोळायचे नाहीत. दारू तर कधीच द्यायची नाही, कारण ती कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावते. क्षणभर उबदार वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. अंग गारच आहे, पण थरथर थांबली आणि माणूस बरळू लागला किंवा पेंगू लागला, तर प्रकरण गंभीर आहे. मग त्याला आडवं ठेवून, कमीत कमी हलवत, गावातून मदत बोलवायची.

वेळ इथवर येऊ नये, यासाठीच ही चिठ्ठी. तिच्यासाठी महागड्या दुकानात जायची गरज नाही. पॉलिस्टरचा टी-शर्ट, ट्रॅक पॅन्ट, घरातला स्वेटर, पावसाळ्यातलं विंडचीटर, कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे दोन जोड आणि पिशवीत बांधलेला कोरडा जोड, एवढ्यात यादी संपते. यातलं बहुतेक सामान कपाटात असतंच.

आणि एक विनंती. थंडी वाजतेय हे सांगायला लाजू नका. तुम्ही खिंडीतच सांगितलंत, तर दहा मिनिटं थांबून कपडे बदलले की काम होतं. रात्री दोन वाजता सांगितलंत, तर सगळ्या गटाला उठावं लागतं. लवकर सांगा.